कोपऱ्यातले जगणे-मरणे

गोचे सगळे नियम दहा मिनिटांत सांगून होतात. त्यानंतरच्या पहिल्याच डावात नवख्या खेळाडूच्या कोपऱ्यातल्या सोंगट्या मरतात, आणि त्या मेल्या आहेत हे त्याच्या लक्षातही येत नाही, कारण पटावर त्या तशाच बसलेल्या दिसतात. समोरचा जाणकार मात्र त्यांच्याकडे बघायचे सोडून पटाच्या दुसऱ्या टोकाला खेळू लागतो. एखादा समूह मेलेला आहे असे तो कशावरून ठरवतो, हे समजले की गोचा अर्धा पाया पक्का होतो. त्यासाठी सगळा पट पाहायची गरज नाही. एक कोपरा आणि तळाच्या तीन-चार रेघा पुरतात.

गोचा जन्म चीनमधला. तिथून तो कोरिया आणि जपानमध्ये गेला, आणि ‘गो’ हे जगभर रुळलेले नाव जपानचे. पूर्ण पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघा असतात. नवखे लोक ९ रेघांच्या पटावर शिकतात. सोंगटी चौकोनात नव्हे तर दोन रेघा जिथे छेदतात तिथे ठेवायची. त्या छेदाला आपण ‘घर’ म्हणू. एकदा ठेवलेली सोंगटी जागची हलत नाही. ती मेली तरच उचलली जाते.

ती मरते कशी? सोंगटीला लागून रेघेवर जी रिकामी घरे असतात ते तिचे श्वास. पटाच्या मध्यावर एकट्या सोंगटीला चार श्वास असतात, कडेला तीन आणि कोपऱ्यात दोनच. एकाच रंगाच्या सोंगट्या रेघेने एकमेकींना लागून असल्या तर त्यांचा एक समूह होतो आणि त्यांचे श्वास सामाईक होतात. तिरकस शेजार यात धरत नाहीत. समूहाचा शेवटचा श्वास प्रतिस्पर्ध्याने बंद केला की सगळा समूह उचलून पटाबाहेर जातो. याला जोडून आणखी एक नियम आहे आणि आजचा सगळा विषय त्याच्यावर उभा आहे. जिथे ठेवताक्षणी आपल्याच सोंगटीला एकही श्वास उरणार नाही, तिथे खेळता येत नाही. अपवाद एकच: त्याच खेळीने समोरच्याचा समूह मरत असेल तर खेळता येते, कारण त्याच्या सोंगट्या आधी उचलल्या जातात आणि आपल्याला श्वास मिळतो.

आता पटाचा खालचा डावा कोपरा डोळ्यांसमोर आणा. उभ्या रेघांना डावीकडून अ, ब, क, ड, इ, फ अशी नावे देऊ आणि आडव्या रेघांना खालून १, २, ३ असे आकडे. म्हणजे अगदी टोकाचे घर अ१. ● काळी सोंगटी, ○ पांढरी, आणि टिंब म्हणजे रिकामे घर.

```
३  ○ ○ ○ ○ ·
२  ● ● ● ● ○
१  · ● · ● ○
   अ ब क ड इ
```

काळ्याच्या सहा सोंगट्या पांढऱ्याने पूर्ण वेढल्या आहेत. बाहेरच्या बाजूला त्यांना एकही श्वास नाही. आत दोन श्वास आहेत, अ१ आणि क१. पांढऱ्याला हा समूह मारायचा असेल तर दोन्ही बुजवायला हवेत. तो अ१ वर खेळू पाहील तर त्या सोंगटीला श्वास नसेल आणि काळाही मरत नसेल, कारण क१ अजून उघडे आहे. म्हणून ती खेळी नियमानेच बाद. क१ वर खेळू पाहील तर अ१ उघडे असते, म्हणून तीही बाद. दोन्ही एकदम खेळता आली असती तर काम झाले असते, पण पाळी एका वेळी एकाच सोंगटीची. त्यामुळे हा समूह डाव संपेपर्यंत मरू शकत नाही. आपल्या सोंगट्यांनी वेढलेल्या अशा घराला डोळा म्हणतात. दोन डोळे झाले की समूह जगला. एकच डोळा असेल तर पांढरा आधी बाहेरून वेढतो आणि शेवटची सोंगटी त्या डोळ्यातच टाकतो. तेव्हा तो काळ्याचा अखेरचा श्वास असतो, म्हणून अपवादाचा नियम पांढऱ्याच्या बाजूने लागतो.

कोपऱ्यात दोन डोळे करायला सहा सोंगट्या पुरल्या. हेच काम कडेला करायचे तर निदान आठ लागतात आणि पटाच्या मध्यावर दहा, कारण कोपऱ्यात दोन बाजूंची भिंत पटाची कडच बांधून देते. कोपरा स्वस्त पडतो म्हणून बहुतेक डावांची सुरुवात कोपऱ्यांपासून होते.

याच आकृतीत ड२ वरची काळी सोंगटी काढून तिथे पांढरी ठेवून पाहा. क१ च्या तिन्ही बाजूंना अजूनही काळ्याच सोंगट्या आहेत, पण ड१ वरची सोंगटी आता एकटी पडली आहे. इ१ आणि ड२ वर पांढरे आहेत, तिला क१ हा एकच श्वास आहे आणि पांढरा क१ वर खेळून तिला उचलू शकतो. तिला कायमचे वाचवायचे तर काळ्याला स्वतःच क१ भरावे लागते, आणि ते भरले की हातात अ१ हा एकच डोळा राहतो. अशा डोळ्याला खोटा डोळा म्हणतात. नवखे लोक रिकामी घरे मोजतात. त्या घरांभोवतीच्या सोंगट्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत का हे बघत नाहीत. ही जोडणीची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिच्यावरच एक समूह मरणार आहे.

आता पहिल्या आकृतीतून ब१ वरची सोंगटी काढू. काळ्याच्या आत अ१, ब१, क१ अशी तीन घरे ओळीने रिकामी राहतात. हा समूह जिवंत की मेलेला? उत्तर पाळी कोणाची यावर आहे. काळ्याची असेल तर तो ब१ वर बसतो, दोन्हीकडे एकेक डोळा होतो आणि विषय संपतो. पांढऱ्याची असेल तर तोही नेमका ब१ वरच बसतो. मग काळ्याने क१ खेळून त्या सोंगटीला अडचणीत आणले तर पांढरा अ१ वर खेळतो, काळ्याचा शेवटचा श्वास बंद होतो आणि सगळा समूह उचलला जातो. काळ्याने काहीच केले नाही तरी पांढऱ्याला घाई नाही. ब१ वर पांढरी सोंगटी बसलेली असताना त्या तीन घरांत दोन डोळे होऊच शकत नाहीत. दोघांनाही हवे असलेले असे एकच घर बहुतेक छोट्या आकारांत असते, आणि ते शोधणे हेच जगण्या-मरण्याच्या कोड्यांचे मुख्य काम.

तीनऐवजी चार घरे ओळीने असली, अ१ ते ड१, तर पाळी कोणाचीही असो, समूह जिवंत. कारण इथे महत्त्वाची घरे दोन आहेत, ब१ आणि क१. पांढरा एकावर बसला की काळा दुसऱ्यावर बसतो. पण हीच चार घरे चौकोनात असली, अ१, ब१, अ२, ब२, तर समूह मेलेला, आणि काळ्याची पाळी असली तरी मेलेला. काळा चारांपैकी कुठेही बसला तरी मागे तीन घरांचा वाकडा आकार उरतो आणि पांढरा त्याच्या मधल्या घरात बसतो. घरे तितकीच, मांडणी वेगळी, आणि निकाल उलटा. नुसती जागा मोजून निकाल लावणाऱ्याला हा चौकोन हमखास फसवतो.

प्रत्यक्ष डावात आतली जागा अशी बंदिस्त करून मिळत नाही. भिंतीचे एक टोक उघडे असते आणि तिथूनच पांढरा आत शिरतो. गो खेळणाऱ्यांमध्ये यावर एक म्हण आहे: कोपऱ्यात दुसऱ्या रेघेवर चार मरतात, सहा जगतात. म्हणजे अ२ पासून उजवीकडे ओळीने चार काळ्या सोंगट्या असतील तर त्या मेलेल्या, सहा असतील तर जिवंत. पाच असतील तर जो आधी खेळेल त्याच्या मनासारखे होते. पाचांचीच आकृती पाहू.

```
३  ○ ○ ○ ○ ○ · ·
२  ● ● ● ● ● ○ ·
१  · · · · · · ·
   अ ब क ड इ फ ग
```

पाळी काळ्याची असेल तर तो इ१ वर उतरतो आणि दार बंद करतो. आत अ१ ते ड१ अशी चार घरे ओळीने राहतात, आणि ओळीतले चार म्हणजे जगणे. पाळी पांढऱ्याची असेल तर तो फ२ वरून तिरका, काळ्याच्या भिंतीखाली इ१ वर सरकतो. जपानी खेळाडू अशा वळून मारलेल्या खेळीला ‘हाने’ म्हणतात. काळ्याला ड१ वर अडवावेच लागते. आता आत तीनच घरे उरली, अ१ ते क१. पांढरा मधल्या ब१ वर बसतो आणि समूह मेला. पहिल्या खेळीने जागा कमी केली, दुसरीने मधले घर घेतले. नवखा खेळाडू नेमका उलटा क्रम धरतो. तो आधी आत उडी मारतो.

इथे चौकस वाचक विचारेल, की इ१ वरच्या पांढऱ्या सोंगटीला फ१ हा एकच श्वास होता, तर काळ्याने फ१ वर जाऊन ती उचलली तर? उचलू दे. पांढरा ग१ वर खेळतो, फ१ वरची काळी सोंगटी एकटी पडते आणि तिला इ१ हाच श्वास राहतो. म्हणजे इ१ हा मघाचा खोटा डोळाच झाला. तो भरला तर डोळा गेला, नाही भरला तर सोंगटी गेली.

सहा सोंगट्या असत्या तर पांढऱ्याच्या फ१ वरच्या खेळीला काळा इ१ वर अडवतो, आत चार घरे राहतात आणि समूह जगतो. चार असत्या तर काळ्याने आधी ड१ वर दार बंद केले तरी आत तीनच घरे उरतात, आणि पुढची पाळी पांढऱ्याची. म्हणीतले आकडे हे असे ओळीतल्या तिनावर आणि चारावर येऊन थांबतात. कोपऱ्यापासून दूर, कडेवर, दोन्ही टोके उघडी असतात. तिथे म्हणीतले आकडे सहा मरतात, आठ जगतात असे होतात.

आतापर्यंत कोपरा काळ्याला मदतच करत होता. पण कोपऱ्यात श्वास कमी असतात, आणि त्यामुळे तिथे एक सापळा तयार होतो जो पटावर दुसरीकडे कुठेच नाही. दोन रेघा उंच आणि तीन घरे लांब अशी सहा घरांची आयताकृती जागा कडेला किंवा मध्यावर असेल तर समूह निर्धास्त जगतो. कोपऱ्यात तिचे काय होते ते बघा.

```
४  ○ ○ ○ ○ ·
३  ● ● ● ● ○
२  · · · ● ○
१  · · · ● ○
   अ ब क ड इ
```

आत सहा घरे आहेत, म्हणजे मघाच्या जिवंत समूहापेक्षा दोन जास्तच. काळ्याला बाहेर श्वास नाहीत, पण आत भरपूर आहेत. पाळी पांढऱ्याची. तो ब२ वर बसतो. काळ्याचे सरळ उत्तर ब१, म्हणजे डावीकडे एक आणि उजवीकडे एक डोळा होईल असा बेत. आता पांढरा अ२ वर जातो. काळा क२ वर खेळतो. यावेळी काळ्याची बाजू फारच भक्कम दिसते. क१ ला तिन्ही बाजूंनी काळ्या सोंगट्या आहेत, म्हणजे उजवीकडे डोळा झाला. अ२ आणि ब२ वरच्या दोन पांढऱ्या सोंगट्यांना अ१ हा एकच श्वास उरला आहे, म्हणजे पुढच्या खेळीला त्या उचलल्या जाणार आणि डावीकडेही डोळा होणार.

पण पाळी पांढऱ्याची आहे आणि तो क१ वर, त्या पक्क्या वाटणाऱ्या डोळ्यातच, सोंगटी ठेवतो. हे चालते का? काळ्याचे श्वास मोजा. अ३ पासून ड३ पर्यंत जाऊन खाली ड२, ड१ आणि क२ ला मिळणारी भिंत हा एक समूह आहे, एकूण सात सोंगट्यांचा. त्याच्या आतल्या बाजूला अ२, ब२ वर पांढरे बसलेत, क१ वर आत्ता पांढरा आला आणि बाहेर सगळे बंद. श्वास शून्य. अ१ रिकामे आहे खरे, पण ते फक्त ब१ ला लागून आहे, आणि ब१ वरची काळी सोंगटी भिंतीला कुठेच जोडलेली नाही. तिची जोडणी क१ मधूनच व्हायची होती. म्हणून भिंतीच्या सातही सोंगट्या उचलल्या जातात.

हे आधीच ओळखून काळ्याने क२ ऐवजी क१ खेळले आणि ब१ ला भिंतीशी जोडून घेतले तर? मग पांढरा क२ वर बसतो. काळ्याला अ१ खेळून अ२, ब२, क२ वरच्या तीन सोंगट्या उचलता येतात, नव्हे, उचलाव्याच लागतात, कारण अ१ हाच त्याचा शेवटचा श्वास असतो. त्या उचलल्या की मागे तीन घरे ओळीने रिकामी राहतात, पाळी पांढऱ्याची, आणि मधले घर ब२. म्हणजे तीन सोंगट्या मिळवूनही काळा मेला. आपण होऊन सोंगट्या मारायला देऊन आतली जागा मारक आकाराची करणे हा पांढऱ्याच्या बाजूने खेळण्याचा सगळ्यात सुंदर भाग आहे, असे मला वाटते.

याच आकृतीत काळ्याला बाहेर एक श्वास दिला, समजा इ१ वर पांढरी सोंगटी नाही, तर मघाची खेळी फसते. क१ वर खेळताना काळ्याचा बाहेरचा श्वास शिल्लक असतो, म्हणून ती खेळी बाद. पांढऱ्याने तो श्वास बुजवेपर्यंत काळा अ१ खेळून दोन सोंगट्या उचलतो आणि जगतो. तरीही पांढऱ्याला दुसरी वाट आहे, आणि तिचा शेवट ‘को’मध्ये होतो. को म्हणजे एकच सोंगटी दोघांनी आलटून पालटून उचलत राहण्याची जागा. तिथे लगेच उलट उचलायला मनाई असते. आधी दुसरीकडे अशी खेळी करावी लागते जिला समोरच्याने उत्तर देणे भाग पडेल. म्हणजे समूहाचे भवितव्य कोपऱ्याबाहेर, उरलेल्या पटावर ठरते. बाहेर दोन श्वास असतील तर काळ्याला काळजी नाही. शून्य श्वास म्हणजे मरण, एक म्हणजे को, दोन म्हणजे जगणे. त्यामुळे जाणकार खेळाडू कोपऱ्यातला असा समूह दिसला की आत बघण्याआधी बाहेरचे श्वास मोजतो, आणि समोरचा बाहेरून एखादी निरुपद्रवी वाटणारी सोंगटी टेकवतो तेव्हा लगेच सावध होतो.

अशी कोडी जपानीत ‘त्सुमेगो’ म्हणून ओळखली जातात. हायाशी गेंबी या खेळाडूने १८१२ साली जमवलेला ‘गोक्यो श्युम्यो’ हा संग्रह आजही सरावासाठी वापरतात, आणि त्यातही अनेक कोडी कोपऱ्यातलीच. कोडे सोडवताना सोंगट्या हलवून बघायच्या नाहीत, मनातच खेळायचे, अशी रीत आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. पहिले काही महिने सोंगट्या मांडून, उचलून, परत मांडूनच करावे, कारण उचलल्यानंतर मागे उरलेली रिकामी जागा नुसती मनात दिसायला वेळ लागतो.

डावाच्या शेवटी, जपानी पद्धतीने मोजताना, मेलेले समूह प्रत्यक्ष वेढून मारावे लागत नाहीत. दोघांचे एकमत झाले की ते तसेच उचलून गुणांत धरतात. म्हणून मेलेल्या समूहात उगाच खेळत राहणे जसे वाया जाते, तसेच दोन डोळे झालेल्या समूहात आणखी सोंगट्या भरणेही तोट्याचे, कारण आपल्याच वेढलेल्या जागेतले एक घर, म्हणजे एक गुण, कमी होतो. नवख्यांच्या डावात हा तोटा दर दहा-पंधरा खेळ्यांनी दिसतो.

घरी पट नसेल तर चौकटीच्या वहीचे पान आणि दोन रंगांची बटणे चालतील. शेवटची आकृती मांडा, इ१ वरची पांढरी सोंगटी काढून काळ्याला बाहेरचा एक श्वास द्या आणि पांढऱ्याच्या बाजूने को शोधून बघा. पहिली खेळी ब१, काळ्याचे उत्तर ब२. तिसरी खेळी क१ आहे. त्यानंतर काळा अ१ वर आला की अ२ वर काय होते ते स्वतः मांडून पाहा.